कुंडीतली पांढरी बुरशी: फोटोवरून कळतं किती?

ओळखीतल्या एकाने परवा एका कुंडीचा फोटो पाठवला. मातीवर पांढरी लव पसरलेली आणि कडेला दोन छोटी पिवळीजर्द भूछत्रं. खाली प्रश्न होता, ‘माती फेकून देऊ का?’ झाडाला काय झालंय ते लिहिलं नव्हतं, कारण झाडाला काहीच झालेलं नव्हतं. पानं टवटवीत होती, नवा कोंब येत होता. पण बुरशी म्हटलं की रोग, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की झाडाकडे बघायचं राहूनच जातं.

आधी ते पांढरं म्हणजे नक्की काय ते पाहू, कारण फोटोत पांढऱ्या दिसणाऱ्या सगळ्याच गोष्टी बुरशी नसतात. पाण्यातले आणि खतातले क्षार वर येऊन सुकले की मातीवर कुंडीच्या कडेकडेने पांढरा, खरखरीत पापुद्रा धरतो. तयार मातीत मिसळलेले परलाइटचे दाणेही पांढरेच. मुळांवर राहणारे पिठ्या ढेकूण मेणट पांढरा कापूस सोडतात. फोटोत हे सगळं सारखंच दिसू शकतं, प्रत्यक्षात मात्र पाण्याच्या एका थेंबाने उलगडा होतो. क्षार विरघळून दिसेनासे होतात आणि माती सुकली की परत येतात. परलाइटला काही फरक पडत नाही. पिठ्या ढेकणांचं मेण पाणी धरत नाही, थेंब वरून ओघळतो. बुरशीची लव मात्र भिजताच चपटी होऊन मातीला चिकटते, आणि काडीने उचलली तर तिचे तंतू निघतात.

आता समजा ती बुरशीच निघाली. मग खरा प्रश्न असा की ती मेलेलं खाणारी आहे की जिवंत झाड मारणारी. बुरशीला तोंड नसतं, पोट नसतं. ती आपली विकरं, म्हणजे पचवणारे पाचक रस, शरीराबाहेर सोडते, अन्न बाहेरच विरघळवते आणि मग तंतूंच्या भिंतीतून शोषून घेते. कुंडीच्या मातीत पानांचा चुरा, लाकडाचा भुसा, कोकोपीट, अर्धवट कुजलेलं खत असतं. त्यातला सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबलचक साखळी. ती तोडली की साखर मिळते. पाणी घातलं, ऊब मिळाली, की बहुतेक कुंड्यांत हेच काम चालू असतं. आपल्याला ते एरवी दिसत नाही, मातीचा वरचा थर सतत ओला राहिला की दिसतं, एवढंच.

मग हीच बुरशी शेजारचं मूळ का खात नाही? कारण जिवंत मूळ स्वस्थ बसत नाही. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं. त्याचे तुकडे मुळाच्या पेशींना ओळखू येतात आणि पेशी उलट कायटिन तोडणारी विकरं सोडतात, आपली भिंत जाड करतात. पाचोळ्यावर जगणाऱ्या बुरशीकडे हा बचाव मोडण्याची सामग्री सहसा नसते.

ती ज्यांच्याकडे असते त्यांच्यापैकी एक म्हणजे स्क्लेरोशियम रॉल्फसाय. पीटर हेन्री रॉल्फ्स यांनी १८९२ मध्ये फ्लोरिडात टोमॅटोवर तिची नोंद केली, आणि नाव त्यांच्यावरूनच पडलं. तिची पद्धत मला फार विलक्षण वाटते. ती पेशीवर सरळ चाल करत नाही, आधी ऑक्झॅलिक आम्ल सोडते. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात आणि त्या पेक्टिनला बळकटी देतं कॅल्शियम. आम्ल हे कॅल्शियम पकडून त्याचे स्फटिक करून टाकतं. जोड ढिला पडतो. शिवाय आम्लामुळे भोवतालचा सामू खाली येतो, आणि पेक्टिन तोडणारं या बुरशीचं विकर नेमकं आम्लातच जोमाने चालतं. म्हणजे एका रसायनाने दोन कामं: विटांमधला चुना काढून घेणं आणि पहार चालेल अशी जागा करणं. तंतू पुढे सरकतात तेव्हा समोरच्या पेशी आधीच मेलेल्या असतात. थोडक्यात, हीदेखील मेलेलंच खाते, फक्त मारण्याचं काम स्वतः करते.

याच्या खुणा डोळ्यांना दिसतात. पांढरे, रेशमासारखे तंतू मातीवर न थांबता खोडाच्या बुंध्यावर पंख्यासारखे चढतात. तिथलं खोड तपकिरी, मऊ पडतं. माती ओली असूनही झाड कोमेजतं. काही दिवसांनी तंतूंमध्ये मोहरीएवढे, एक-दोन मिलिमीटरचे गोल दाणे धरतात, आधी पांढरे आणि मग तपकिरी. हे दाणे मातीत वर्षानुवर्षं टिकतात. ते दिसले तर झाड आणि माती दोन्ही काढून टाकावीत, ती माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नये.

त्या फोटोत यातलं काहीच नव्हतं. लव मातीवर विखुरलेली होती, खोड स्वच्छ आणि कडक. भूछत्रं पिवळी, टोपीवर बारीक खवले, कडेला रेघा: ल्युकोकोप्रिनस बिर्नबाउमी, कुंड्यांमध्ये जगभर आढळणारी पाचोळा खाणारी जात. बिर्नबाउम यांना ती प्रागच्या एका काचगृहात सापडली आणि १८३९ मध्ये कोर्डा यांनी तिला त्यांचं नाव दिलं. झाडाला तिचा त्रास नाही. वरची लव खुरपीने ढवळायची, पाणी वरचा थर सुकल्यावरच द्यायचं, काम संपलं. दालचिनीची पूड भुरभुरण्याचा उपाय फार फिरतो. त्याने वरचे तंतू दबतील कदाचित, पण खाली मातीभर पसरलेलं जाळं आणि ओलावा तसाच राहतो. गंमत म्हणजे सुरुवातीला पांढरी दिसून नंतर हिरवी होणारी ट्रायकोडर्मा हीच बुरशी रोगप्रतिबंधक म्हणून पाकिटातून विकली जाते.

मात्र ‘झाडाला निर्धोक’ आणि ‘माणसाला निर्धोक’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याचं उत्तर मी फोटोवरून देत नाही. वरून काढलेल्या फोटोत टोपीखालच्या पात्यांचा रंग दिसत नाही, दांड्याचा तळ मातीत असतो, बीजाणूंचा रंग तर टोपी कागदावर काही तास ठेवल्याशिवाय कळतच नाही. ही पिवळी जातही खाल्ल्यास पोट बिघडवते. आणि छोट्या तपकिरी भूछत्रांपैकी काहींमध्ये यकृत निकामी करणारी अमाटॉक्सिनं असतात. ती शिजवून नष्ट होत नाहीत. चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, किड्यांनी खाल्लं तर चांगलं, या दोन्ही समजुती खोट्या आहेत आणि त्यांवर विसंबून माणसं मेलेली आहेत.

म्हणून घरात रांगणारं मूल किंवा सगळं तोंडात घालणारं कुत्रं असेल तर भूछत्रं दिसली की मुळासकट काढून टाकावीत. दमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल त्याने बुरशी धरलेली सुकी माती स्वतः ढवळू नये. धुळीबरोबर बीजाणू श्वासात जातात. दुसऱ्याकडून करून घ्यावं, माती किंचित ओली करून.

आणि मुलाने तुकडा खाल्ल्याचं दिसलं तर उलटीची वाट पाहू नये. अमाटॉक्सिनची लक्षणं सहा-बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात, तोवर मूल ठणठणीत दिसतं. उरलेलं भूछत्र तळासकट उपटून कागदात गुंडाळावं, प्लास्टिकमध्ये ते लगेच सडतं, आणि मुलाबरोबर तेही रुग्णालयात न्यावं.