छुपा अभ्यासक्रम : वर्गातली जागा काय शिकवते

छुपा अभ्यासक्रम म्हणजे शाळेत जे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसतं, ज्याची परीक्षा होत नाही, ज्याचं टाचण गुरुजी काढत नाहीत, पण लेकरू रोज शिकतं ते. रांगेत उभं राहणं, आपला नंबर येईपर्यंत गप्प बसणं, कुणाचं बोलणं ऐकायचं आणि कुणाचं नाही, आपण हुशार का ढ, हे सगळं त्यात येतं. हा शब्द रूढ झाला तो अमेरिकेतल्या फिलिप जॅक्सन यांच्या 1968 सालच्या पुस्तकामुळं. ते प्राथमिक वर्गात बराच काळ नुसते बसून बघत राहिले आणि त्यांच्या ध्यानात आलं की लेकरांचा कितीतरी वेळ वाट बघण्यात जातो. गर्दीत राहणं, सतत कुणीतरी आपल्याला चांगलं-वाईट ठरवणं आणि मोठ्या माणसाच्या हातात सगळी सत्ता असणं, या तीन गोष्टींशी जुळवून घेणं हाच शाळेचा न छापलेला धडा, असं त्यांचं म्हणणं.

या नोंदीत सगळं न घेता वर्गात कोण कुठं बसतं हेच धरून पुढं जाऊ, कारण शाबासकी आणि रोजची कामं त्या जागेलाच चिकटून येतात.

आपल्याकडं बसायच्या जागेतून शिकवणं काही नवीन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शाळेच्या आठवणीत लिहून ठेवलंय की बाकीची मुलं नंबराप्रमाणं बसायची, त्यांना मात्र नंबराप्रमाणं बसता येत नव्हतं, कोपऱ्यात एकट्यानं बसावं लागायचं, बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा, आणि शाळेचा गडी त्याला हात लावत नसल्यामुळं तो रोज घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. म्हणजे वर्गात एकाच वेळी दोन धडे चालू होते, नंबरानं बसणाऱ्यांना कळत होतं की मार्कांवर माणसाची किंमत ठरते आणि कोपऱ्यातल्याला सांगितलं जात होतं की तुझे मार्क मोजायचंच कारण नाही. आज उघड उघड गोणपाट कुणी वेगळं देत नाही, कायदाही देऊ देणार नाही, पण जागेवरून माणूस ओळखायची सवय गेली असं मला वाटत नाही, तिचं कारण तेवढं बदललं.

जागा नेमकी कशी काम करते याचा सगळ्यात बारीक अभ्यास रे रिस्ट यांचा, तो 1970 साली छापून आला. त्यांनी अमेरिकेतल्या एका शाळेतला बालवर्ग पहिल्या दिवसापासून बघितला. मुलं सगळी काळी, बाईही काळ्याच, म्हणजे रंगाचा प्रश्न नव्हता. बाईंनी कसलीही चाचणी घेतली नव्हती, त्यांच्याकडं होतं ते एवढंच : नाव नोंदवतानाचा फॉर्म, कुठल्या घराला सरकारी मदत मिळते याची यादी, आईशी झालेलं बोलणं, आणि मोठ्या भावंडांबद्दल बाकीच्या शिक्षकांनी सांगितलेलं. तेवढ्यावर आठव्या दिवशी बाईंनी कायमच्या जागा ठरवल्या. स्वच्छ कपड्यातली, चांगलं बोलणारी, बऱ्या घरची मुलं पहिल्या टेबलावर, फळ्याजवळ, आणि बाकीची दुसऱ्या-तिसऱ्या टेबलावर. मग वर्षभर बाई पहिल्या टेबलाकडं तोंड करून शिकवत राहिल्या, कामं त्यांनाच, प्रश्न त्यांनाच, मागच्यांना फळ्यावरचं नीट दिसतही नव्हतं, आणि पुढं पुढं पहिल्या टेबलाची मुलं मागच्यांना तसंच हिणवायला लागली. दुसरीत गेल्यावर तिथल्या बाईंनी गट केले ते वाचनाच्या मार्कांवर, आता म्हणायला पुरावा होता. वरच्या गटाचं नाव वाघ आणि सगळ्यात खालच्या गटाचं नाव विदूषक. खालून वर वाघांत कुणीच गेलं नाही. मला यातलं सगळ्यात वाईट हे वाटतं की दुसरीच्या बाईंनी काहीच चूक केली नव्हती, मार्क खरे होते, फक्त ते मार्क तयार कसे झाले हे आठव्या दिवसापर्यंत मागं गेल्याशिवाय दिसत नाही. एकाच वर्गाचा अभ्यास आहे, त्यावरून सगळीकडं असंच होतं म्हणता येत नाही, पण बघायचं कुठं हे तो दाखवतो.

आता आपल्याकडचा वर्ग घ्या. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत खालच्या वर्गाची लेकरं बसकरपट्टीवर बसतात, एका बाजूला पोरं एका बाजूला पोरी. हजेरीपटातही बऱ्याच ठिकाणी आधी मुलं मग मुली, त्यामुळं रोज सकाळी नाव पुकारताना कोण आधी आणि कोण नंतर हे ठरूनच जातं. जागा कुणी मुद्दाम वाटत नाही, जून महिन्यात पहिल्या आठवड्यात जो लवकर येतो तो पुढं बसतो, गुरुजींच्या ओळखीच्या घरचा असेल तर गुरुजीच म्हणतात ये इकडं बस, आणि एकदा बसलं की ती जागा त्याचीच. जो उशिरा येतो तो मागं. उशिरा कोण येतं, तर ज्याला सकाळी शेरडं सोडायची असतात, जिला धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून यायचं असतं.

आणि सगळ्यात उशिरा येतं ते ऊसतोड्याचं लेकरू. बीड जिल्ह्यातून आणि आजूबाजूच्या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते त्यामुळं जावंच लागतं, आणि परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. काही लेकरं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पण बरीच सोबत जातात. ते लेकरू मार्चमध्ये वर्गाच्या दारात येतं तेव्हा गुरुजी प्रेमानंच म्हणतात, "आलास का रे, बस मागं." मागंच जागा असते ना. मग तास सुरू होतो, भागाकार पुढं गेलेला असतो, गुरुजी त्याला काही विचारत नाहीत, कारण उगं चारचौघांत कशाला लाजवायचं. मीही असंच वागलोय, कितीतरी वर्षं, आणि त्याला मी माया समजत होतो. पण त्या लेकरानं महिनाभरात जे शिकलं ते हेच की या खोलीत मला काही विचारलं जात नाही, म्हणजे माझ्याकडून कशाची अपेक्षा नाही. पुढच्या वर्षी ते आपणहून मागं जाऊन बसतं. तेव्हा आपण म्हणतो त्याला मागंच आवडतं.

हे डोळ्यानं दिसत नाही, मोजावं लागतं. मोजायची पद्धत सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाही. कोऱ्या कागदावर वर्गाचा नकाशा काढायचा, एका लेकराला एक चौकोन, आणि दुसऱ्या कुणी शिक्षकानं कोपऱ्यात बसून 35 मिनिटांच्या तासात खुणा करायच्या, प्रश्न विचारला की प्र, शाबासकी दिली की श, दटावलं की द. आता समजा 30 लेकरांचा वर्ग आहे, 5 रांगा, एकेका रांगेत 6 जण. पुढची रांग आणि तिच्या मागची मधली चार लेकरं मिळून 10 जण होतात, त्यांच्या चौकोनात 16 प्र, 9 श आणि 1 द पडला. शेवटच्या दोन रांगांतल्या 12 जणांत 3 प्र, शाबासकी एकही नाही आणि 8 द. बाकी 8 जणांत 5 प्र, 1 श, 2 द. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत पण असा कागद हातात आला की गुरुजी गप्प होतात, कारण त्यांना मनापासून वाटत असतं की मी सगळ्यांना विचारतो. पुढची रांग आणि मधला पट्टा इथंच वर्गातलं बहुतेक बोलणं अडकतं हे अ‍ॅडम्स आणि बिडल यांनीही 1970 मध्येच दाखवलं होतं. कागदावर मागच्या रांगेत नुसते द दिसले तर समजावं की तिथं शाळा म्हणजे फक्त गप्प बसायची जागा झालीय.

खुणा करताना अजून एक ऐकायचं, प्रश्न विचारल्यावर गुरुजी थांबतात किती. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात मोजलं तर शिक्षक साधारण 1 सेकंदच थांबत होते, आणि 3 सेकंद थांबायला लागले की उत्तरं लांब आली, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. पुढच्या रांगेतला राम अडखळला तर आपण म्हणतो आठव आठव, मागचा अडखळला तर लगेच, बस खाली, कोण सांगतं?

शाबासकीचंही तसंच. शाबासकी किती दिली यापेक्षा कशाला दिली हे लेकरू धरून ठेवतं. म्यूलर आणि ड्वेक यांनी 1998 साली पाचवीच्या वयाच्या मुलांवर प्रयोग केले, काहींना कोडी सुटल्यावर म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. नंतर अवघड कोडी दिली, सगळ्यांचीच चुकली, आणि त्यानंतर परत सोपी दिली तर हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी घसरली, मेहनतवाल्यांची सुधारली. पुढच्या मोठ्या अभ्यासांत अशा उपायांचा फायदा छोटाच निघाला हेही खरं, म्हणून नुसते शब्द बदलून जादू होईल असं कुणी समजू नये. पण आपल्या वर्गातल्या शाबासक्या लिहून काढा एकदा. पोराला "डोकं चालतंय बघ याचं", पोरीला "अक्षर किती छान, किती शांत बसते". मग वर्ग झाडायला पोरी, ऑफिसातून खडू आणायला आणि घंटा द्यायला पोरं. वर्णनात्मक नोंदीतही "शांत व आज्ञाधारक आहे" हे वाक्य पोरींच्या पानावर जास्त का येतं हे आपणच तपासावं. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला मॉनिटर कोण, तर पुढच्या रांगेतलाच.

यात सगळं वाईटच असतं असं नाही. दुपारच्या खिचडीला सगळी जातीधर्माची लेकरं एका पंगतीत बसतात, एकाच पातेल्यातलं खातात, हा धडाही छुपाच आहे आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा तो पक्का बसतो. पण तिथंही वाढायला कोण उठतं, ताट कुणाला आधी मिळतं, पाण्याच्या माठाला हात कोण लावतं हे बघावंच लागतं.

दुरुस्ती करताना चुका होतात त्या ठरलेल्या आहेत. दर सोमवारी रांगा बदलल्या तर लेकरं पुढं येतात पण गुरुजींची नजर जुन्या हुशारांमागं मागच्या रांगेत जाते, खुणांचा कागद परत काढला की कळतं. गोल करून बसवलं तर गटात एक हुशार लेकरू सगळं लिहितं आणि बाकीचे बघतात, त्यात गटाला "अप्रगत" असं नाव पडलं तर नुसती रांग गेली आणि टेबल आलं. नावाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकून चिठ्ठी निघेल त्याला विचारणं हे त्यातल्या त्यात टिकतं, कारण तिथं नजरेला वावच नाही, फक्त चिठ्ठी निघाल्यावर 3 सेकंद थांबायचं.

ऊसतोड्याच्या लेकरासाठी आम्ही एक केलं, टोळी गेली तरी त्याची जागा मोडायची नाही, बसकरपट्टीवर तेवढी जागा आणि डब्यातली चिठ्ठी तशीच ठेवायची, ते बाहेर असताना नाव निघालं तर वर्गानं म्हणायचं तो तोडीला गेलाय, येणाराय. आणि मार्चमध्ये आल्यावर पहिला प्रश्न भागाकाराचाच, पण त्याच्या माहितीतला, एका मोळीत ऊस किती, ट्रॅक्टर भरायला मोळ्या किती, मग दोघांच्या एका कोयत्याला किती खेपा लागतील. असा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा पुढच्या रांगेतल्या कुणालाच मोळी म्हणजे किती हे माहीत नव्हतं, आणि सगळा वर्ग मान वळवून मागं बघायला लागला.