व्यावसायिक पतइतिहास

एखाद्या व्यवसायाने घेतलेली कर्जे व उधारी, त्यांच्या परतफेडीच्या ठरलेल्या तारखा आणि प्रत्यक्ष भरणा झाल्याच्या तारखा यांची तिऱ्हाइताला पाहता येईल अशी नोंद म्हणजे व्यावसायिक पतइतिहास. या व्याख्येतील ‘तिऱ्हाइताला पाहता येईल’ हा भाग महत्त्वाचा आहे. मालकाच्या वहीतील नोंदी कितीही चोख असल्या, तरी त्या दुसऱ्या कर्जदात्यापर्यंत पोहोचत नसतील तर त्यांना हिशेब म्हणता येईल, पतइतिहास म्हणता येणार नाही. लहान कर्ज वेळेवर फेडून पुढे मोठे कर्ज मिळवण्याची पद्धत या नोंदीवरच उभी असते.

अशा नोंदीचा उगम नेमका कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. लंडनमध्ये १७७६ साली व्यापाऱ्यांनी ठकबाजांपासून परस्परांना सावध करण्यासाठी एक मंडळ स्थापन केले होते. काही अभ्यासक तेथूनच सुरुवात धरतात. परंतु अशा मंडळाचा भर बुडव्यांची नावे कळवण्यावर असतो, आणि प्रामाणिक फेड करणाऱ्याचे नाव त्यात येत नाही, म्हणून त्याची पत त्यातून वाढत नाही. न्यूयॉर्कमध्ये लुईस टॅपन यांनी १८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतर, १८४१ मध्ये, मर्कंटाइल एजन्सी काढली. तिचे गावोगावचे वार्ताहर, ज्यांत वकिलांचा भरणा बराच होता, व्यापाऱ्यांची ऐपत, सचोटी व व्यवहार यांविषयी मजकूर पाठवत, आणि वर्गणीदारांना तो पुरवला जाई. बऱ्यावाईट दोन्ही बाजूंची नोंद हा निकष लावला, तर १८४१ चा उगम अधिक ग्राह्य वाटतो. मात्र ती नोंद बहुतांशी मताची होती. हप्ता कोणत्या दिवशी भरला याची मोजदाद नंतरची आहे. याच संस्थेची उत्तराधिकारी आणि ब्रॅडस्ट्रीट ही प्रतिस्पर्धी संस्था १९३३ मध्ये एकत्र येऊन डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली.

पायरीपायरीने कर्ज वाढवण्याच्या पद्धतीचे श्रेय बहुधा बांगलादेशातील ग्रामीण बँकेला दिले जाते. जोब्रा गावातील तिचा प्रयोग १९७६ चा असून १९८३ मध्ये त्याला बँकेचे रूप मिळाले. तथापि लहान रक्कम देऊन ती आठवड्याच्या हप्त्यांनी वसूल करण्याची रीत अठराव्या शतकात डब्लिनमध्ये जोनाथन स्विफ्ट यांनी कारागिरांना दिलेल्या कर्जांत आढळते. तेथे भिस्त जामिनावर होती. पहिल्या फेडीवरून पुढची रक्कम ठरवण्याची पद्धत नियमबद्ध रूपात सूक्ष्म वित्तपुरवठ्यात दिसते, असे म्हणणे सुरक्षित ठरेल.

ही फेड नेमकी कशामुळे होते, यावरही मतभेद आहेत. गटातील सदस्यांच्या परस्पर हमीला पूर्वी मोठे महत्त्व दिले जाई. फिलिपिन्समधील एका बँकेत झेवियर जिने व डीन कार्लन यांनी केलेल्या प्रयोगात गटाची हमी काढून घेतल्यावरही थकबाकी वाढली नाही. त्यावरून पुढच्या कर्जाची आशा हेच बळकट कारण असावे, या मताकडे झुकावे लागते. पण याच मतात एक अडचण दडलेली आहे. फेड पुढच्या कर्जासाठी होत असेल, तर ज्या कर्जानंतर त्या कर्जदात्याकडे पुन्हा जायचे नाही ते कर्ज कोण फेडील? सामाईक नोंदसंस्था ही अडचण बरीचशी दूर करते, कारण एका कर्जदात्याकडचे शेवटचे कर्ज दुसऱ्याच्या दृष्टीने शेवटचे राहत नाही.

मोठे कर्ज मिळते म्हणजे प्रत्यक्षात काय बदलते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका दुरुस्ती कार्यशाळेकडे सर्व खर्च जाऊन दरमहा २० एकके रोख उरतात. कर्जदाता हप्त्याच्या सव्वापट रोख शिल्लक मागतो, म्हणजे हप्ता १६ एककांच्या वर जाऊ शकत नाही. नव्या, अनोळखी कार्यशाळेला तो सहा महिन्यांचीच मुदत देतो, कारण त्याहून पुढचे त्याला काही दिसत नाही. व्याज धरून एकूण परतफेड ९६ एकके होते. ती वेळेवर झाल्यावर एक वर्षाची मुदत मिळते आणि परतफेड १९२ वर जाते. त्यानंतर तीन वर्षांची मुदत मिळाली, तर ती ५७६ होते. व्याज वजा जाता हाती येणारी रक्कम याहून कमी असते आणि मुदत वाढली की व्याजाचा वाटाही वाढतो. तरी या सगळ्यात कार्यशाळेची कमाई एका एककानेही वाढलेली नाही आणि हप्ताही तोच आहे. वाढली ती मुदत, आणि मुदत म्हणजे कर्जदात्याने किती पुढपर्यंत विश्वास टाकला याचे माप होय. म्हणूनच चोख पतइतिहास असूनही अर्ज नामंजूर होतो, तेव्हा कारण बहुधा रोख शिलकीत शोधावे लागते. हप्त्याची कमाल मर्यादा पतइतिहास वाढवू शकत नाही.

फेडीचा वक्तशीरपणा मोजताना रकमेचे वजन धरले जाते, ही गोष्ट अनेक मालकांच्या लक्षात येत नाही. डन अँड ब्रॅडस्ट्रीटच्या पेडेक्स या गुणांकात ८० म्हणजे ठरल्या दिवशी भरणा आणि ५० म्हणजे तीस दिवसांचा उशीर. समजा, प्रत्येकी १० एककांची तीन देणी वेळेवर दिली आणि ७० एककांचे एक देणे तीस दिवस लांबले. खात्यांची साधी सरासरी काढली तर ७२ च्या पुढे जाते. रकमेच्या वजनाने ढोबळ हिशेब केला तर ती ५९ वर येते. हात आखडला असताना लहान देणी आधी मिटवून मोठे मागे ठेवण्याची स्वाभाविक सवय येथे उलटते. अशा वेळी ज्याचे देणे मोठे आहे त्याच्याशी तारीख येण्यापूर्वी बोलून मुदत लेखी वाढवून घेणे हिताचे असते, कारण उशीर वाढवलेल्या तारखेपासून धरला जाण्याची शक्यता त्यामुळे निर्माण होते.

चोख फेड करूनही पत वाढत नाही याची कारणे पुष्कळदा नोंदीतच सापडतात. कर्जदाता कोणत्याच नोंदसंस्थेला माहिती कळवत नसेल, कर्ज मालकाच्या वैयक्तिक नावावर असेल, किंवा दोन कागदांवर व्यवसायाचे नाव वेगवेगळे लिहिले गेले असेल, तर भरलेले हप्ते व्यवसायाच्या खाती जमा होत नाहीत. पहिल्या दोनतीन हप्त्यांनंतर स्वतःचा अहवाल मागवून ते त्यात उमटले आहेत का हे पाहिले, की हा दोष वेळीच कळतो. संपूर्ण कर्ज फिटल्यावर तो लक्षात आला, तर ते महिने बहुधा वाया गेलेले असतात.

माहिती एकाच बँकेकडे राहिली तर काय होते, याची मांडणी स्टीव्हन शार्प यांनी १९९० मध्ये केली. ग्राहक चांगला आहे हे फक्त त्या बँकेला ठाऊक असते. इतरांच्या लेखी तो अनोळखीच राहतो, आणि त्यामुळे त्याला चढा दर सोसावा लागू शकतो. याउलट मिचेल पीटरसन व रघुराम राजन यांच्या १९९४ च्या अभ्यासात, एका कर्जदात्याशी जवळचे संबंध असलेल्या लहान व्यवसायांना कर्जाची उपलब्धता वाढल्याचे आढळले. दरावरील परिणाम त्या मानाने किरकोळ होता. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. जुन्या बँकेकडून रक्कम मिळते, तर दर उतरवून घेण्यासाठी ती नोंद दुसऱ्या कर्जदात्यालाही दिसावी लागते.