स्वतःलाच छेदणाऱ्या वक्राचा माग

x³ + y³ = 3xy. या समीकरणाचा वक्र कसा दिसतो? इथे y एका बाजूला घेऊन x च्या किमती भरत जाणे सोपे नाही. एका x ला कधी एक y मिळतो, कधी तीन. देकार्तने १६३८ साली या वक्राची स्पर्शिका काढण्याचे आव्हान फर्माला दिले होते, म्हणून तो ‘देकार्तचे पान’ या नावाने ओळखला जातो. पहिल्या चतुर्थांशात पानासारखा एक फास आहे. फासाची दोन्ही टोके आरंभबिंदूत एकमेकांना छेदून दोन दिशांना अनंतात निघून जातात.

असा वक्र संगणकाकडून काढून घ्यायचा तर त्यावरचा एक बिंदू धरायचा आणि तिथून वक्राचा माग काढत पुढे सरकायचे. प्रत्येक पाऊल दोन टप्प्यांत पडते. आधी स्पर्शिकेच्या दिशेने थोडे पुढे जाऊन अंदाज घ्यायचा, मग तिथून वक्रावर परत येऊन दुरुस्ती करायची.

f = x³ + y³ − 3xy असे लिहू. वक्र म्हणजे जिथे f शून्य आहे ते सगळे बिंदू. f कोणत्या दिशेला सर्वांत वेगाने वाढतो, हे ग्रेडियंट सांगतो. त्याचे दोन घटक आहेत: fx = 3x² − 3y आणि fy = 3y² − 3x. वक्रावर f बदलतच नाही, म्हणून वक्राची दिशा ग्रेडियंटला काटकोनात असते. ग्रेडियंट काटकोनात फिरवला की (−fy, fx) ही स्पर्शिका हाती येते.

सुरुवात (१.५, १.५) पासून करू. हा बिंदू फासाच्या आरंभबिंदूपासून सर्वांत दूरच्या टोकावर आहे. तिथे दोन्ही घटक २.२५ आहेत, म्हणजे स्पर्शिका डावीकडे वर जाते. तिच्यावर ०.१ लांबीचे पाऊल टाकले की आपण (१.४२९३, १.५७०७) वर पोचतो. वक्र वळला, आपण सरळ गेलो, त्यामुळे f आता ०.०६ झाला आहे. दुरुस्तीसाठी या नव्या जागी ग्रेडियंट काढायचा आणि त्याच्या उलट दिशेने f भागिले ग्रेडियंटची लांबी एवढे अंतर मागे यायचे. न्यूटनची पद्धतच ही. एका दुरुस्तीत (१.४२२०, १.५५४७) मिळतो आणि f ०.००१ वर येतो. दुसऱ्या दुरुस्तीनंतर तो ०.०००००१ च्याही खाली जातो. चुकीचा जवळजवळ वर्ग होत जातो, म्हणून दोन-तीन दुरुस्त्या पुरतात. चार-पाच लागू लागल्या किंवा लागोपाठच्या दोन स्पर्शिकांमधला कोन मोठा झाला, तर पाऊल लांब पडते आहे असे समजावे आणि ते निम्मे करावे.

या पद्धतीला x किंवा y यांपैकी कोणाचाही पक्षपात नाही, हे मला तिचे सर्वांत मोठे बळ वाटते. x वाढवत y शोधत गेलो असतो, तर (१.५८७, १.२६) पाशी अडलो असतो. तिथे स्पर्शिका उभी आहे आणि फास त्याच्या उजवीकडे जातच नाही. वक्राच्या लांबीच्या हिशेबाने चालणाऱ्याला तो बिंदू इतर कोणत्याही बिंदूसारखाच.

खरी अडचण आरंभबिंदूपाशी येते. तिथे fx आणि fy दोन्ही शून्य होतात, काटकोनात फिरवायला काही उरतच नाही. गंमत म्हणजे ०.१ ची पावले टाकणारा दोन शाखा छेदतात त्या या शाखाबिंदूवर नेमका जवळजवळ कधीच पडत नाही, तो बहुधा त्याला ओलांडून जातो.

फासाच्या वरच्या बाजूने आपला माग y अक्षाला लगटून खाली येतो. समजा आपण (०.०००८, ०.०५) वर आहोत. पुढचा अंदाज पडतो (−०.००२५, −०.०४९९) वर. तिथे f फक्त −०.०००५ आहे. ‘f ०.००१ पेक्षा लहान झाला की पुरे’ असा नियम ठेवला असेल, तर हा बिंदू दुरुस्तीशिवायच मान्य होईल. पण तो वक्रापासून ०.००३३ दूर आहे, आणि या ठिकाणी वक्र y अक्षापासून ०.००१ सुद्धा दूर नाही. शाखाबिंदूजवळ ग्रेडियंटच लहान असल्याने f सगळीकडेच लहान दिसतो. म्हणून f कडे न पाहता दुरुस्तीच्या पावलाची लांबी पाहावी. ती f भागिले ग्रेडियंट अशी असल्याने खरे अंतर दाखवते.

दुरुस्ती केली की (०.०००८, −०.०४९६) मिळतो. मग पुढचे पाऊल टाकायला स्पर्शिका काढतो, तर ती वर, आलो त्याच दिशेला! कारण या शाखेवर fx साधारण −3y इतका असतो. y चे चिन्ह बदलले तसे fx चेही बदलले आणि काटकोनात फिरवलेला बाण उलटला. हे लक्षात आले नाही, तर संगणक आरंभबिंदूच्या वर-खाली त्याच दोन जागी उड्या मारत बसतो. आकृतीत रेषा तिथेच संपलेली दिसते, बिंदूंची यादी मात्र वाढत राहते. उपाय दोन ओळींचा आहे:

```python
tx, ty = -fy(x, y), fx(x, y)
if tx*old_tx + ty*old_ty < 0:
    tx, ty = -tx, -ty
```

नवी दिशा जुन्या दिशेशी विशालकोन करत असेल, तर ती उलटवायची. यामुळे माग सरळ खाली, चौथ्या चतुर्थांशात निघून जातो. पण हा उलटा बाण नुसता दुरुस्त करून विसरू नये. पाऊल पुरेसे लहान असताना दिशा उलटवावी लागली, तर नुकताच एक शाखाबिंदू ओलांडला गेला, याची ती खूणच आहे. आपल्याला तो शोधायलाही लागला नाही.

आता त्याची नेमकी जागा. fx = 0 आणि fy = 0 ही दोन समीकरणे न्यूटनच्या पद्धतीने एकत्र सोडवायची. (०.०००८, −०.०४९६) पासून निघाल्यास पहिल्याच फेरीत y जवळपास शून्य होतो आणि दुसऱ्या फेरीत x सुद्धा. मग दुसरी अवकलिते घ्यायची. शाखेची दिशा (a, b) असेल तर fxx·a² + 2fxy·ab + fyy·b² = 0 व्हायला हवे. आरंभबिंदूत fxx आणि fyy शून्य आहेत आणि fxy −३ आहे, म्हणून उरते −6ab = 0. म्हणजे a शून्य किंवा b शून्य. एक शाखा उभी, तिच्यावरून आपण आलो. दुसरी आडवी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाऊल टाकून दुरुस्ती केली की नवा माग सुरू होतो. या वर्गसमीकरणाला दोन वेगळी वास्तव उत्तरे मिळाली तरच दोन शाखा एकमेकींना छेदतात. एकच उत्तर आले, तर तिथे वक्राचे अणकुचीदार टोक किंवा एकमेकींना नुसत्या टेकणाऱ्या शाखा असू शकतात, आणि त्यांचा निवाडा करायला तिसरी किंवा त्याहून वरची अवकलिते लागतात.

सापडलेल्या बिंदूत f तपासणे मात्र टाळू नये. याच वक्राचा ग्रेडियंट (१, १) वरही शून्य होतो, पण तिथे f −१ आहे. तो बिंदू फासाच्या आत आहे, वक्रावर नाही.

याहून फसवी गोष्ट x³ + y³ − 3xy = 0.0001 या समीकरणात आहे. आकृतीत ते मूळ वक्रासारखेच दिसते, पण इथे छेद नाही. वरून येणारी शाखा आरंभबिंदूच्या अलीकडेच डावीकडे वळते, आणि तिच्यात नि समोरच्या शाखेत सुमारे ०.०१६ ची फट राहते. ०.१ चे पाऊल ही फट ओलांडून पलीकडच्या शाखेवर जाऊन पडते, दिशा उलटवावी लागते आणि खोटा शाखाबिंदू नोंदला जातो. न्यूटनची फेरीही आरंभबिंदूवरच नेते, कारण स्थिरांक बदलल्याने ग्रेडियंट बदलत नाही. फरक कळतो तो तिथल्या किमतीवरून. समीकरणाची डावी बाजू वजा उजवी बाजू तिथे शून्य नसून −०.०००१ भरते. दुहेरी अचूकतेच्या गणितात या आकड्यांमधली पूर्णांकनाची चूक याच्या अब्जांश भागाइतकीही नसते, म्हणून ही किंमत खरीच मानायची, पाऊल ०.००५ च्या खाली आणायचे आणि त्या वळणावरून माग पुन्हा काढायचा.