कॅपा गुणांक

दोन परीक्षकांनी त्याच वस्तू स्वतंत्रपणे पाहून ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा निर्णय दिला, तर त्यांच्यातील सहमती योगायोग वजा करून मोजणारी संख्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी ती १९६० मध्ये मांडली.

समजा, दोन डॉक्टरांनी छातीचे १०० एक्स-रे क्षयरोगाच्या संशयासाठी वाचले. ४२ एक्स-रेंना दोघांनी ‘आहे’ म्हटले, ४३ ना दोघांनी ‘नाही’. ८ ठिकाणी फक्त पहिल्याने ‘आहे’ म्हटले, ७ ठिकाणी फक्त दुसऱ्याने. शेकडा सहमती ८५. पण पहिल्याने निम्म्या एक्स-रेंना ‘आहे’ म्हटलेले असल्यामुळे, दोघांनी न बघता उत्तरे दिली असती तरी सुमारे ५० ठिकाणी ती जुळलीच असती. एका डॉक्टरचे निर्णय ओळींत आणि दुसऱ्याचे रकान्यांत ठेवून हे चार आकडे सारणीत मांडतात, ही अपेक्षित सहमती त्या ओळी आणि रकान्यांच्या बेरजांवरून काढतात, आणि मग

κ = (Po − Pe) / (1 − Pe)

यात Po म्हणजे प्रत्यक्ष सहमती, Pe म्हणजे अपेक्षित. येथे (०.८५ − ०.५०) / ०.५० = ०.७०.

अशी सारणी पुष्कळदा फोटोतूनच हाती येते. हाताने लिहिलेला १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, म्हणून चार आकडे उतरवल्यावर कडेच्या बेरजा जुळवून पाहाव्यात. फोटोत कडा कापली गेली असेल तर हा पडताळा घेता येत नाही. ओळींत पहिला डॉक्टर आहे की दुसरा, याने कॅपा बदलत नाही. घात होतो तो शीर्षकांच्या क्रमाने. ओळींत ‘आहे, नाही’ आणि रकान्यांत ‘नाही, आहे’ असा क्रम असेल तर सहमती दुसऱ्या कर्णावर असते. ते लक्षात न आल्यास वरच्याच सारणीतून सहमती १५ टक्के आणि कॅपा −०.७० निघतो. इतका ऋण कॅपा दिसला की डॉक्टरांवर शंका घेण्याआधी शीर्षके पुन्हा वाचावीत.

आता क्षयरोग विरळ असलेल्या गटातील १०० एक्स-रे घेऊ. दोघांचे ‘आहे’ ४, दोघांचे ‘नाही’ ८१, मतभेद पूर्वीसारखेच ८ आणि ७. शेकडा सहमती पुन्हा ८५. पण बहुतेक उत्तरे ‘नाही’ असल्याने अपेक्षित सहमतीच सुमारे ०.८० होते आणि कॅपा ०.२६ वर उतरतो. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या श्रेणीत ०.७० ‘भरीव’ ठरतो, ०.२६ जेमतेम. ती श्रेणी स्वेच्छेने आखलेली आहे, हे त्यांनीच म्हटले होते. तरीही ती नियमासारखी वापरली जाते.

या घसरणीवरून डॉक्टर निष्काळजी झाले असा निष्कर्ष निघत नाही, तसेच ८५ टक्क्यांवर समाधान मानणेही चूक. अशा वेळी ‘आहे’ आणि ‘नाही’ यांची सहमती वेगवेगळी काढणे बरे. ‘आहे’साठी ४ च्या दुपटीला दोघांच्या एकूण ‘आहे’ निर्णयांनी, म्हणजे १२ + ११ ने भागायचे : सुमारे ३५ टक्के. ‘नाही’साठी हाच हिशेब सुमारे ९२ टक्के देतो. म्हणजे निरोगी छातीबद्दल दोघांचे एकमत आहे, संशयित छातीबद्दल फारसे नाही, आणि ही गोष्ट ८५ किंवा ०.२६ यांपैकी एकाही आकड्यातून दिसत नव्हती.