खडे, फवारा आणि कॅलेथिया

"कॅलेथियाच्या पानांच्या कडा करपतात. कुंडीखाली खडे-पाण्याची ताटली आहे, रोज फवारतेही. अजून काय करू?"

हे दोन्ही उपाय हवेतली आर्द्रता वाढवण्यासाठी करतात. हिशेब करून पाहा. दहा बाय दहाच्या खोलीत २५ अंशांना आर्द्रता ३० वरून ५० टक्क्यांवर न्यायला हवेत सुमारे सव्वाशे मिलिलिटर पाणी लागतं. पण दाराखिडक्यांच्या फटींतून हवा सतत बदलते, त्यामुळे ती पातळी टिकवायला दिवसाला लिटरभराहून अधिक पाणी हवेत जावं लागतं. ताटलीतून जेमतेम अर्धा पेला उडतं, आणि तेही खोलीभर पसरतं. फवाऱ्याचा परिणाम पान वाळताच संपतो. पान रात्रभर ओलं राहिलं तर बुरशीचे डाग मात्र पडतात.

झाडं एकत्र ठेवल्याने थोडा फरक पडतो, कारण पानं स्वतः बाष्प सोडतात. पण पंख्याखाली तोही उरत नाही.

म्हणून आधी आर्द्रता मोजणारा स्वस्त हायग्रोमीटर पानांच्या उंचीवर ठेवा. तो पाच टक्के सहज चुकतो, तेव्हा ओलसर मिठाच्या वाटीसोबत बंद डब्यात रात्रभर ठेवा: ७५ दाखवायला हवं. खोलीत ५० च्या वर आकडा असेल, तर कारण हवेत नाही. पाण्यातले क्षार किंवा कोरडी पडणारी माती तपासा. आकडा ३५ असेल, तर ह्युमिडिफायर किंवा काचेची पेटीच हवी.