एकाच माणसाची तीन वयं

१९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, ओत्झताल आल्प्समध्ये, साधारण ३२०० मीटर उंचीवर एका जर्मन जोडप्याला वितळत्या बर्फातून वर आलेला एक माणूस दिसला. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, गेल्या काही वर्षांत हरवलेला कुणी गिर्यारोहक असेल. त्यामुळे त्याला बाहेर काढतानाही फारशी काळजी घेतली गेली नाही. हवेच्या दाबावर चालणारा ड्रिल लावला, त्यात त्याचं कंबरेचं हाड दुखावलं. पाच दिवसांनी इन्सब्रुक विद्यापीठाचे कोन्राड स्पिंडलर यांनी त्याच्याजवळची कुऱ्हाड पाहिली आणि सांगितलं, हा किमान ४००० वर्षांपूर्वीचा आहे.

हा अंदाज कुऱ्हाडीच्या घडणीवरून होता. त्यांना ते पातं कांस्याचं वाटलं, निघालं जवळजवळ शुद्ध तांब्याचं. तांब्यात कार्बन नसतो, म्हणून पात्याला त्याचं वय विचारायची सोय नाही. माणसाच्या शरीरात मात्र कार्बन भरपूर असतो. त्याच्या हाडाचे आणि ऊतींचे अगदी बारीक तुकडे झुरिक आणि ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळांकडे गेले. दोन्हीकडून जुळणारं उत्तर आलं, ते साधारण ४५५० वर्षं. तरीही ओत्झीबद्दल (हे नाव त्याला त्या दरीवरून मिळालं) कुठेही वाचलं तर वय दिसतं सुमारे ५२०० किंवा ५३०० वर्षं. आणि शाळेत शिकवलेलं अर्धायुष्याचं गणित स्वतः करून पाहिलं तर येतात ४६८०. मोजमाप एकच, वयं तीन. यात चूक कुणाचीच नाही.

वातावरणात वरच्या थरात वैश्विक किरणांमुळे न्यूट्रॉन सुटतात. ते नायट्रोजनवर आदळले की कार्बन-१४ तयार होतो, म्हणजे कार्बनचा असा प्रकार ज्याचे अणू कालांतराने आपोआप फुटतात. हा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून झाडात, झाडातून जनावरात आणि दोन्हींतून माणसात येतो. जिवंत असेपर्यंत शरीरातला कार्बन सतत बदलत राहतो, त्यामुळे आतलं कार्बन-१४चं प्रमाण बाहेरच्याइतकंच राहतं. मरण आलं की आवक थांबते आणि जमा असलेला साठा फक्त कमी होत जातो. दर ५७३० वर्षांनी तो निम्म्यावर येतो. हेच त्याचं अर्धायुष्य.

देवघरातली उदबत्ती डोळ्यांसमोर आणा. किती उरली ते बघून ती लावून किती वेळ झाला हे सांगता येतं. पण त्यासाठी ती जळण्याचा वेग माहीत हवा, आणि ती मुळात किती लांब होती तेही. कार्बनचंही तसंच आहे. एक फरक मात्र मोठा आहे. उदबत्ती शेवटपर्यंत सारख्या वेगाने जळते. कार्बन-१४चा वेग उरलेल्या साठ्यावर ठरतो: साठा जास्त तेव्हा ऱ्हास जास्त, साठा घटला की ऱ्हासही मंदावतो.

४५५० या उत्तरामागचं मूळ प्रमाण उलट गणित करून काढलं तर ते ५६.७६ टक्के येतं. म्हणजे प्रमाण मानलेल्या साठ्यापैकी एवढा कार्बन-१४ ओत्झीत शिल्लक होता. निम्म्यापेक्षा थोडा जास्त, तेव्हा एक अर्धायुष्य अजून पुरं झालेलं नाही. इथे मनातल्या मनात त्रैराशिक मांडायचा मोह होतो: ५० टक्के जायला ५७३० वर्षं, तर ४३.२४ टक्के जायला किती? उत्तर येतं सुमारे ४९५५. हे उदबत्तीचं गणित झालं, कार्बनचं नव्हे. सुरुवातीला ऱ्हास भराभर होत असल्यामुळे एवढी घट त्याआधीच होऊन गेलेली असते. खरं गणित असं करायचं: ५७३० ला ०.६९३१ ने भागलं की ८२६७ येतात. हे कार्बन-१४च्या एका अणूचं सरासरी आयुष्य. त्याला, उरलेल्या अंशाने १ ला भागून येणाऱ्या संख्येच्या लॉगने गुणायचं. फोनवरचं कॅल्क्युलेटर आडवं धरलं की बहुतेक वेळा `ln` हे बटण दिसतं, तेच वापरा.

```
8267 × ln(1 ÷ 0.5676) = 4682
```

म्हणजे साधारण ४६८० वर्षं. मग प्रयोगशाळांनी ४५५० का कळवलं? विलर्ड लिबी यांनी शिकागोमध्ये ही पद्धत उभी केली आणि १९४९ मध्ये पहिली वयं जाहीर केली. त्यांच्या काळी अर्धायुष्य ५५६८ वर्षं धरलं जाई. १९६२ च्या सुमारास ते ५७३० जास्त बरोबर आहे हे मान्य झालं. पण तोवर शेकडो वयं जुन्या आकड्याने छापून झाली होती. निम्मी जुन्या हिशेबाची आणि निम्मी नव्या हिशेबाची अशी खिचडी नको म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी जुनाच आकडा कायम ठेवला. वर ८२६७ च्या जागी ८०३३ घाला, ४५५० येतील. त्याच कारणाने ‘आज’ म्हणजे १९५० साल असंही ठरलं. चुकीचा आहे हे माहीत असलेला आकडा जाणूनबुजून वापरायचा हे विचित्र वाटतं खरं, पण पुढची दुरुस्ती कळली की त्याने काही बिघडत नाही हे लक्षात येतं.

ती दुरुस्ती उदबत्तीच्या मूळ लांबीची आहे. उरलं किती हे मोजता येतं, वेग प्रयोगशाळेत ठरवता येतो. पण ओत्झी मेला त्या दिवशी त्याच्यात कार्बन-१४ किती होता, हे कोण सांगणार? लिबींनी साधं गृहीत धरलं होतं की हवेतलं प्रमाण पूर्वीही आजच्यासारखंच होतं. ते तसं नव्हतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमजोर असेल तेव्हा वैश्विक किरण जास्त आत येतात आणि कार्बन-१४ जास्त बनतो. सूर्याच्या चढउतारांचाही त्यात हात असतो.

सुदैवाने झाडांनी याची नोंद ठेवली आहे. झाडाचं प्रत्येक वलय ज्या वर्षी तयार झालं त्याच वर्षीच्या हवेतला कार्बन घेतं आणि नंतर तो बदलत नाही. कॅलिफोर्नियातली हजारो वर्षं जगणारी ब्रिसलकोन पाइन झाडं, आयर्लंड आणि जर्मनीतल्या दलदलीत सापडलेली ओकची खोडं, यांच्या जाड-बारीक वलयांचे नमुने एकमेकांना जोडत शास्त्रज्ञांनी बारा हजारांहून अधिक वर्षांची अखंड साखळी बांधली. वलयं मोजून खरं वर्ष कळतं, त्याच वलयातला कार्बन मोजून ‘कार्बन-वय’ कळतं. दोन्ही शेजारी मांडली की तक्ता तयार. ४५५० हे कार्बन-वय त्या तक्त्यात घातलं की ओत्झीचा मृत्यू इसवी सनपूर्व ३३७० ते ३१०० या काळात पडतो. तक्ताही जुन्या अर्धायुष्यानेच बनवलेला असल्याने ५५६८ ची चूक दोन्ही बाजूंनी कटून जाते.

उलट तपासणी करता येते. समजा तो १९५० च्या आधी ५२०० वर्षं मेला. तेवढ्या काळात ५३.३ टक्के कार्बन-१४ उरायला हवा होता. मिळाला ५६.७६. याचा अर्थ सुरुवातच १०० वरून नाही, जवळपास १०६ वरून झाली होती. हवेतल्या त्या सहा टक्के जादा कार्बनने त्याला पाचशे वर्षांनी तरुण दाखवलं.

एवढ्या बारीक तुकड्यातून हे मोजलं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. ताज्या कार्बनच्या एका मिलिग्रॅममध्ये कार्बन-१४चे सुमारे सहा कोटी अणू असतात. ऐकायला खूप वाटतात, पण त्यांतला एक अणू फुटायला सरासरी सव्वा तास लागतो. ओत्झीच्या मिलिग्रॅमला दोन तासांहून जास्त. लिबींची पद्धत फुटणारे अणू मोजण्याची होती. एक टक्क्याच्या अचूकतेसाठी दहा हजार अणू फुटण्याची वाट पाहावी लागते, म्हणजे या तुकड्यासमोर जवळजवळ अडीच वर्षं बसून राहायचं. आणि एक टक्क्याची चूक म्हणजे वयात ऐंशी वर्षांचा फरक. झुरिक आणि ऑक्सफर्डकडे १९७७ मध्ये पुढे आलेलं तंत्र होतं. ते अणू फुटायची वाट बघत नाही. कणत्वरकातून अणूंना वेग देऊन, चुंबकाने वस्तुमानाप्रमाणे वेगळं काढून, न फुटलेलेच मोजतं. काम काही तासांत होतं.

इतक्या कमी ऐवजावर सगळा हिशेब असल्याने बाहेरचा कार्बन मिसळला की घोटाळा होतो. नमुन्यात एक टक्का आजचा कार्बन शिरला, समजा हाताळणाऱ्याच्या बोटांवरचं तेल किंवा मुळांचे तंतू, तर ओत्झीचं वय साठेक वर्षांनी घटेल. चालून जाईल. तेच कोट्यवधी वर्षांच्या दगडी कोळशाबाबत घडलं तर? त्यात कार्बन-१४ शून्य असतो, पण त्या एका टक्क्यामुळे गणित सांगेल ३८ हजार वर्षं. म्हणूनच पन्नास हजारांच्या पुढे ही पद्धत चालत नाही. त्याच कारणाने मोजण्याआधी हाडातून फक्त कोलॅजन हे प्रथिन वेगळं काढतात, आम्ल-अल्कलीने धुतात, आणि सोबत मुद्दाम एक ‘मृत’ कार्बनचा नमुनाही मोजतात. त्यात किती कार्बन-१४ दिसला यावरून घाण किती शिरली हे कळतं. ओत्झीच्या बाबतीत त्याच्याबरोबर सापडलेल्या गवताचंही वय त्याच सुमाराला आलं. गवत एका हंगामाचं असतं, तेव्हा हा पुरावा मोलाचा. लाकडाने असा धोका दिला असता, कारण जुन्या खोडाच्या गाभ्याचं वय झाड तोडण्याच्या वेळेपेक्षा शेकडो वर्षांनी जास्त असू शकतं.

तरी उत्तर २७० वर्षांच्या पट्ट्यातच अडकलेलं आहे. मोजणी आणखी काटेकोर केली तरी ते फारसं सुटत नाही, कारण तक्त्याची रेषा त्या काळात सरळ उतरत नाही. हवेतलं प्रमाण वरखाली झाल्याने ती नागमोडी आहे आणि ४५५० ची आडवी रेघ तिला एकाहून जास्त ठिकाणी छेदते. त्यामुळे पट्ट्याच्या आत तीन वेगवेगळे तुकडे निघतात, त्यांतला कोणता खरा ते कार्बन सांगू शकत नाही. गंमत अशी, की त्याच्या आतड्यात हॉप-हॉर्नबीम या झाडाचे ताजे परागकण सापडले. ते झाड वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतं, म्हणजे ओत्झी कोणत्या ऋतूत मेला ते ठाऊक आहे.