सॉसेजच्या पाकिटाची मागची बाजू

काउंटरवर नेहमी विचारलं जातं, "यात खरं चिकन किती?" उत्तर पाकिटाच्या मागे असतं. पाकीट आमचं असो वा दुसऱ्याचं, वाचायची पद्धत एकच.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. समजा, लिहिलंय: चिकन (६२%), पाणी, सोया प्रोटीन, बटाट्याचा स्टार्च, तेल, मीठ, मसाले, ४५१, ३१६, २५०. पाणी दुसऱ्या क्रमांकावर आहे, म्हणजे चिकनखालोखाल तेच. शेवटचे आकडे हे बाहेरून मिसळलेल्या पदार्थांचे क्रमांक असतात. ४५१ हे फॉस्फेट आहे; ते पाणी मांसात धरून ठेवतं. स्टार्च आणि सोयाही तेच काम करतात, शिवाय मांसापेक्षा स्वस्त पडतात. कधी बटाट्याचा स्टार्च, मक्याचा स्टार्च आणि गव्हाचं पीठ अशी तीन नावं वेगवेगळी येतात. प्रत्येकाचं वजन थोडं, म्हणून तिन्ही यादीत खाली दिसतात. त्यांची बेरीज मनात करावी.

आता पोषणाचा तक्ता पाहा. मांसात कर्बोदकं जवळपास नसतात. त्यामुळे १०० ग्रॅममागे कर्बोदकं ७ ग्रॅम आणि त्यात साखर १ ग्रॅम असेल, तर उरलेले ६ ग्रॅम बहुतेक स्टार्चचेच. थोडा वाटा मसाल्यांचा. आमच्या मते यादीपेक्षा ही ओळ जास्त बोलते.

प्रथिनांवरून ६२ टक्क्यांचाही अंदाज येतो. कच्च्या चिकनमध्ये १०० ग्रॅममागे साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात. ६२ टक्के चिकनमधून ११-१२ ग्रॅम यायला हवीत, वर सोयाची वेगळी. तक्त्यात एकूण १०च असतील, तर त्या "चिकन"मध्ये कातडी-चरबी बरीच असावी किंवा हाडांवरून यंत्राने खरवडलेलं मांस असावं. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. विक्रेत्याला विचारायला मात्र पुरेसा.

२५० म्हणजे सोडियम नायट्राइट. २४९, २५१ आणि २५२ ही त्याची भावंडं. त्यामुळे सॉसेज शिजल्यावरही गुलाबी राहतं आणि बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंना आळा बसतो. आमच्या स्मोक्ड सॉसेजमध्ये ते आहे, आणि पाकिटावर तसं लिहिलेलं आहे. "नायट्राइट घातलेले नाही" असं वाचलंत तर यादीत सेलरी पावडर आहे का ते बघा. तिच्यातल्या नायट्रेटपासूनही शेवटी नायट्राइटच तयार होतं. प्रक्रिया केलेलं मांस रोज खाण्याने आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून मुलांच्या डब्यात रोज सॉसेज देऊ नका असं आम्ही विकतानाही सांगतो.

आमच्या ताज्या सॉसेजमध्ये २५० नाही, सेलरीही नाही. शिजल्यावर ते करडं-पांढरं दिसतं, ते खराब झालेलं नसतं. कच्चं मात्र फ्रीजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. लगेच करायचं नसेल तर आणल्याबरोबर फ्रीझरमध्ये टाका.